दोन परिच्छेदांमधली उडी कशी मिटवायची?

निबंध तपासणाऱ्याने समासात 'इथे तुटतंय' असा शेरा मारला की लिहिणारा बहुधा एकच गोष्ट करतो. पुढच्या परिच्छेदाच्या तोंडाशी 'तसेच', 'शिवाय' किंवा 'त्याचप्रमाणे' बसवतो आणि मोकळा होतो. शब्द आला तरी तुटलेलं तुटलेलंच राहतं. उलट वाचणाऱ्याचा त्रास वाढतो, कारण 'तसेच' वाचल्यावर तो आधीच्यासारखाच आणखी एक मुद्दा येणार अशी तयारी करतो आणि समोर येतं काहीतरी भलतंच.

परिच्छेद बदलताना वाचकाच्या मनात काय चालतं ते आधी पाहू. एक परिच्छेद संपतो तेव्हा त्यातलं शेवटचं विधान त्याच्या मनात सगळ्यात ताजं असतं. पुढचा परिच्छेद सुरू होताच तो नकळत विचारतो, की हे जे आता सांगताय ते मघाच्या बोलण्याचं काय लागतं? त्याचं कारण आहे, परिणाम आहे, उदाहरण आहे, की त्यावरचा आक्षेप? पहिल्या एक-दोन वाक्यांत उत्तर मिळालं नाही, तर तो स्वतःच अंदाज बांधून पुढे वाचतो. अंदाज चुकला की चार-पाच वाक्यांनंतर त्याला अडखळून मागे यावं लागतं. हीच ती उडी. लिहिणाऱ्याला ती सहसा दिसत नाही, कारण दोन मुद्द्यांमधला संबंध त्याच्या डोक्यात पक्का असतो, फक्त कागदावर उतरलेला नसतो. दुवा म्हणजे वाचकाच्या त्या प्रश्नाला कागदावर दिलेलं उत्तर. कधी तो एका शब्दात मावतो, कधी त्याला अर्धं वाक्य लागतं, आणि कधी अख्खा परिच्छेद.

हे सगळं एका निबंधावर करून पाहू. विषय असा, की किशोरवयीन मुलांची शाळा सकाळी उशिरा भरावी. निबंध सहा परिच्छेदांचा आहे. प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एकेका वाक्यात सांगायचं तर क्रम असा आहे:

पहिला: सकाळी लवकर भरणाऱ्या शाळेत किशोरवयीन मुलं पहिल्या तासांना पेंगत असतात.
दुसरा: या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे रात्री झोप उशिरा येते.
तिसरा: शाळा उशिरा भरवली तर पालकांच्या आणि वाहतुकीच्या वेळा बिघडतात.
चौथा: अपुऱ्या झोपेमुळे लक्ष आणि स्मरणशक्ती दोन्ही कमी पडतात.
पाचवा: मुलं रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहत बसतात.
सहावा: म्हणून शाळेची वेळ पुढे ढकलावी.

एकेका वाक्याचा असा सारांश काढणं हे दुरुस्तीचं पहिलं काम. तो मूळ मजकुरातली वाक्यं उचलून काढू नये. मजकूर बाजूला ठेवून आठवणीतून लिहावा. एखाद्या परिच्छेदाचं म्हणणं एका वाक्यात बसेना, मध्ये 'आणि' घालून दोन वेगळी विधानं करावी लागली, तर त्या परिच्छेदात दोन परिच्छेद कोंबलेले आहेत. तो आधी फोडायचा, कारण कोणत्या अर्ध्याला दुवा जोडायचा हेच अशा वेळी ठरत नाही.

दुसरं काम म्हणजे प्रत्येक दोन सारांशांच्या मध्ये संबंधाचं नाव लिहिणं. शाळेत आपण उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ केलेले असतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक, स्वरूपबोधक. तिथे ते दोन वाक्यं जोडण्यासाठी शिकवतात, पण दोन परिच्छेदांमधले बहुतेक संबंधही याच घरातले असतात. पहिल्यात भर घातली आहे का, पहिल्यात काही उणं दाखवलं आहे का, पहिल्याचं कारण दिलं आहे का, की 'असं झालं तर' अशी अट घातली आहे? निबंधांसाठी मी या यादीत आणखी दोन गोष्टी धरतो. एक म्हणजे उदाहरण, आणि दुसरी आक्षेप व त्याला दिलेलं उत्तर.

आपल्या निबंधात पहिल्या आणि दुसऱ्याचा संबंध लगेच सांगता येतो: कारण. मुलं पेंगतात, आणि का पेंगतात ते दुसरा परिच्छेद सांगतो. आता दुसरा आणि तिसरा. झोप उशिरा येते, आणि पालकांच्या वेळा बिघडतात. यांच्यामध्ये काय लिहाल? कारण नाही, परिणाम नाही, उदाहरणही नाही. तिसरा परिच्छेद ही एक अडचण आहे, पण ती अडचण आहे शाळेची वेळ बदलण्यातली, आणि वेळ बदलण्याची गोष्ट दुसऱ्या परिच्छेदापर्यंत निघालेलीच नाही. इथे 'परंतु' घातलं तर ते कशाला 'परंतु' आहे हे वाचकाला कळणार नाही.

दोन सारांशांमध्ये संबंधाचं नाव लिहिताच येत नसेल, तर शब्द शोधणं थांबवावं. अशा वेळी तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. परिच्छेद चुकीच्या जागी आहे, किंवा मधला एखादा परिच्छेद लिहायचाच राहिला आहे, किंवा तो परिच्छेद या निबंधाचा नाहीच. ही तपासणी न करता शब्द पेरण्यानेच निबंध वरवर गुळगुळीत आणि आतून तुटका राहतो. या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी जागेचं पाहू. चौथा परिच्छेद, म्हणजे लक्ष आणि स्मरणशक्ती, हा दुसऱ्याचा सरळ परिणाम आहे. झोप उशिरा येते, शाळेसाठी लवकर उठावं लागतं, म्हणून झोप अपुरी होते आणि शिकणं कमी पडतं. तो दुसऱ्यानंतर यायला हवा. पण त्याआधी मोबाइलच्या परिच्छेदाचं पाहायला हवं. त्याच्या जागेवर तो आत्ता काय काम करतो? काहीच नाही, उलट निबंधाच्या विरोधात जातो. मुलं मोबाइलमुळे जागत असतील तर शाळेची वेळ कशाला बदलायची, मोबाइल काढून घ्या, असं वाचक म्हणेल आणि लगेच पुढच्या ओळीत 'म्हणून शाळेची वेळ पुढे ढकलावी' असं वाचेल. हा परिच्छेद खरं तर दुसऱ्यावरचा आक्षेप आहे. दुसरा म्हणतो की झोप शरीरामुळे उशिरा येते, आणि हा म्हणतो की नाही, सवयीमुळे येते. आक्षेप ज्या विधानावर आहे त्याच्या लगेच नंतर घ्यावा आणि तिथेच त्याला उत्तर द्यावं.

म्हणजे नवा क्रम असा होतो: पेंगणारी मुलं, शरीराचं घड्याळ, मोबाइलचा आक्षेप, शिकण्यावरचा परिणाम, पालकांची अडचण, शेवट. एकही शब्द न घालता फक्त क्रम बदलून तीन उड्या मिटल्या. अजून एक शिल्लक आहे, आणि तीच खरी मोठी आहे.

अपुऱ्या झोपेमुळे शिकणं बिघडतं, या परिच्छेदानंतर वेळ बदलण्यातल्या अडचणी सुरू होतात. मध्ये काय गृहीत धरलंय? शाळा उशिरा भरली की मुलं जास्त झोपतील. चिकित्सक वाचक इथेच थांबतो. शाळा तासाभराने पुढे गेली तर मुलं रात्री तासभर आणखी जागणार नाहीत कशावरून? अख्खा निबंध या एका विधानावर उभा आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. इथे कितीही सुबक जोडवाक्य घातलं तरी उडी राहणारच. इथे परिच्छेद हवा, आणि त्यात पुरावा हवा.

पुरावा शोधला तर सापडतो. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१६ साली आपल्या हायस्कुलांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ केली. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बदलाआधी आणि बदलानंतर मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी उपकरणं बांधून झोप मोजली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. वेळ ५५ मिनिटांनी पुढे गेली होती. सगळीच्या सगळी मिनिटं झोपेत गेली नाहीत, पण बरीचशी गेली. चिकित्सक वाचकाच्या शंकेला हे नेमकं आणि प्रामाणिक उत्तर आहे. दुवा शोधताना निबंधातलं भोक सापडलं आणि ते बुजवताना निबंध जास्त भक्कम झाला. चांगल्या संपादकांना सांध्यांवर इतका वेळ घालवावासा वाटतो तो यासाठीच.

क्रम बसला आणि राहिलेला परिच्छेद आला, की मग प्रत्यक्ष दुवे लिहायचे. आता संबंधाचं नाव माहीत असल्यामुळे हे काम सोपं असतं. दुसऱ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य समजा असं आहे: 'मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे मुलांना लवकर झोपायला पाठवलं तरी झोप लागत नाही.' आणि मोबाइलचा परिच्छेद मुळात असा सुरू होतो:

'आजकालची मुलं रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहत असतात. पडद्याचा प्रकाश डोळ्यांवर पडतो.'

शब्द पेरणारा इथे म्हणेल, 'तसेच आजकालची मुलं…'. पण संबंध भर घालण्याचा नाही, आक्षेपाचा आहे. म्हणून:

'झोप न लागण्याचा हा दोष संप्रेरकाचा नसून मोबाइलचा आहे, असं अनेक पालक म्हणतील. त्यात तथ्य आहे, कारण रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा प्रकाश मेलाटोनिन स्रवायला आणखी उशीर लावू शकतो. पण मोबाइल बाजूला ठेवला तरी या वयात घड्याळ पुढे सरकलेलंच असतं.'

या तीन वाक्यांत काय काय केलं ते जवळून पाहा. 'झोप न लागण्याचा हा दोष' या शब्दांनी मागच्या परिच्छेदाचं शेवटचं टोक पकडलं. 'असं अनेक पालक म्हणतील' यातून पुढे आक्षेप येतोय हे कळलं. 'त्यात तथ्य आहे' म्हणत आक्षेपाचा जेवढा भाग खरा आहे तेवढा मान्य केला, आणि 'पण' ने उत्तर दिलं. वाक्याच्या तोंडाशी येणारा जोडणारा शब्द म्हणावा असा 'पण' एकटाच आहे आणि तोही तिसऱ्या वाक्यात येतो. बाकी सगळी जोडणी मागचा मुद्दा नावाने पुन्हा उचलल्यामुळे झाली आहे.

मागचं आधी, नवं नंतर ही रचना मुद्दाम केलेली आहे. वाक्यात आधीच माहीत असलेली गोष्ट आणि नवी सांगितलेली गोष्ट असे दोन भाग पडतात, हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रागमधले भाषाभ्यासक व्हिलेम मातेसियस यांनी नीट मांडला. आपल्यासाठी त्याचा उपयोग एवढाच, की परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात माहीत असलेला भाग पुढे आणायचा. मराठीत हे फार सहज जमतं, कारण कर्ता, कर्म, क्रियाविशेषण यांना आपण बऱ्यापैकी हलवू शकतो. 'संशोधकांनी सिॲटलमध्ये ही शंका तपासून पाहिली' यापेक्षा 'ही शंका संशोधकांनी सिॲटलमध्ये तपासून पाहिली' हे वाक्य मागच्या परिच्छेदाला जास्त घट्ट बसतं. शब्द तेच आहेत. फक्त 'ही शंका' पुढे आली आणि उडी गेली.

मराठीची आणखी एक सोय इथे सांगावीशी वाटते. 'मात्र' आणि 'तर' हे शब्द वाक्याच्या तोंडाशी न येता एखाद्या नामामागे बसतात आणि विरोध नेमका कशाशी आहे हे दाखवतात. पालकांच्या अडचणीचा परिच्छेद 'परंतु पालकांना सकाळी कामावर जायचं असतं' असा सुरू केला तर 'परंतु' सगळ्या मागच्या मजकुराला विरोध करतं. 'मुलांच्या सोयीची ही वेळ पालकांना मात्र अडचणीची ठरू शकते' असं लिहिलं तर विरोध मुलं आणि पालक यांच्यापुरता राहतो, आणि झोपेबद्दल आधी सिद्ध केलेलं सगळं शाबूत राहतं. बारीक फरक आहे, पण निबंधाचा युक्तिवाद इथे वाचतो किंवा पडतो.

सर्वनामांपासून मात्र जपून राहावं. 'यामुळे', 'यावरून', 'त्यासाठी' यांनी परिच्छेद सुरू करणं फार सोयीचं वाटतं, पण मागच्या परिच्छेदात सात-आठ विधानं असतील तर 'यामुळे' म्हणजे कशामुळे? लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचकाला नसतं. उपाय साधा आहे: 'या'च्या मागोमाग एक नाम ठेवायचं. 'यामुळे शिकण्यावर परिणाम होतो' ऐवजी 'रोजच्या या अपुऱ्या झोपेमुळे वर्गातलं लक्ष टिकत नाही' असं. योग्य नाम सापडत नसेल तर बहुधा मागच्या परिच्छेदाचाच मुद्दा अजून स्पष्ट झालेला नसतो, आणि दुरुस्ती तिकडे करावी लागते.

दुवा मागच्या परिच्छेदाच्या शेवटी ठेवायचा की पुढच्याच्या सुरुवातीला? माझा कौल सुरुवातीच्या बाजूने आहे. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाचकाच्या लक्षात राहतं, तिथे त्या परिच्छेदाचं स्वतःचं म्हणणं यावं. तिथे 'आता आपण पालकांच्या अडचणी पाहू' असं लिहिलं की ती मोक्याची जागा सूचनाफलकाला जाते. तसंच 'मग यावर उपाय काय?' अशा प्रश्नाने परिच्छेद संपवण्याची सवय. वाचकाच्या मनात खरोखर तोच प्रश्न उठला असेल तेव्हा तो लिहावा. आपल्या निबंधात 'मुलं आणखी उशिरापर्यंत जागणार नाहीत का?' हा प्रश्न असा खरा आहे, म्हणून राहिलेल्या परिच्छेदाची सुरुवात त्याने करता येते. एका निबंधात असा प्रश्न दुसऱ्यांदा आला की त्याचा जोर जातो.

किती मोठा दुवा हवा हे उडीच्या रुंदीवर ठरतं. पहिल्या परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना 'या पेंगण्याचं मूळ आळसात नाही, शरीराच्या घड्याळात आहे' एवढं वाक्य पुरतं. 'का पेंगतात' हा प्रश्न वाचकाच्या मनात आधीच असतो. फायद्यांकडून अडचणींकडे वळताना सगळ्या युक्तिवादाची दिशा बदलते, तिथे आतापर्यंत काय ठरलं ते अर्ध्या वाक्यात सांगून मग वळावं: 'वेळ पुढे गेल्याने मुलांची झोप वाढते हे खरं असलं, तरी शाळेच्या वेळेवर फक्त मुलांचाच दिवस बेतलेला नसतो.' दीर्घ लेखात, जिथे पाच-सहा पानांनंतर असं वळण येतं, तिथे दोन-तीन वाक्यांचा स्वतंत्र छोटा परिच्छेदही चालतो. दोन पानांच्या निबंधात तो जड होतो.

काही ठिकाणी काहीच लागत नाही. एका परिच्छेदात घटना आणि पुढच्यात तिचाच पुढचा प्रसंग असेल, तर काळाचा क्रमच दुवा असतो. एकाच पातळीवरची तीन कारणं ओळीने येत असतील, तर 'पहिलं', 'दुसरं', 'तिसरं' हे साधे शब्द कुठल्याही नटव्या जोडवाक्यापेक्षा बरे. अट एवढीच, की ती तिन्ही खरोखर एका पातळीवरची असावीत. दुसरं कारण पहिल्यातूनच उगवत असेल तर आकडे घालून तो संबंध लपवू नये. आणि प्रत्येक परिच्छेद 'अशा प्रकारे', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय' यांनी सुरू होत असेल तर वाचकाला सांधेच सांधे दिसतात. पहिल्या वाक्यांतले असे शब्द झाकून वाचावं. अर्थ तसाच लागत असेल तर ते शब्द काढावेत.

दुरुस्ती जमली की नाही हे स्वतःला कळणं कठीण असतं, कारण डोक्यातला संबंध पुन्हा आड येतो. दोन चाचण्या उपयोगी पडतात. पहिलीत प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य ठेवायचं आणि तेवढंच ओळीने वाचायचं. निबंधाचा युक्तिवाद तेवढ्यातून लागला पाहिजे. आपल्या निबंधाच्या मूळ मसुद्यात असं केलं असतं तर 'मुलं मोबाइल पाहतात' आणि 'म्हणून शाळेची वेळ ढकलावी' ही दोन वाक्यं शेजारी आली असती आणि विसंगती लगेच दिसली असती.

दुसरी चाचणी जास्त कडक आहे. निबंध छापून परिच्छेद कात्रीने कापायचे, पिसायचे आणि विषय माहीत नसलेल्या माणसाला क्रमाने लावायला द्यायचे. त्याने लावलेला क्रम मूळ क्रमाशी जुळला तर दुवे काम करताहेत. तो जिथे घुटमळतो ती जागा टिपून ठेवावी. दोन परिच्छेद त्याने उलटसुलट लावले, तर ते एका पातळीवरचे आहेत का ते पाहावं. असतील तर अदलाबदलीने काही बिघडत नाही. नसतील तर त्यांच्यातला संबंध अजून कागदावर आलेला नाही. आणि एखादा परिच्छेद त्याच्या हातात उरला, कुठेच बसेना, तर त्याला दुवा जोडण्याआधी तो या निबंधात हवा का, हे ठरवावं लागेल.